चूकवहीच्या जोरावर कायद्याची उजळणी

एलएलबीच्या सत्र परीक्षेला सहा आठवडे उरले की बहुतेक मुलं नोट्स पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतात. दुसऱ्या वाचनात सगळं ओळखीचं वाटतं आणि तेवढ्यावर ‘हे मला येतं’ असं मन मानून बसतं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा 2006 सालचा प्रयोग इथे महत्त्वाचा आहे. उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतर जास्त आठवत होतं. आठवड्यानंतर मात्र, न बघता आठवून लिहिण्याचा सराव केलेले पुढे गेले. कायद्याच्या पेपरात तर नुसतं आठवूनही भागत नाही, कारण कलम दिलेल्या प्रसंगाला लावून दाखवावं लागतं. म्हणून उजळणीचं वेळापत्रक आठवड्याच्या छोट्या परीक्षेभोवती बांधावं.

पेपर 100 गुणांचा आणि तीन तासांचा असेल, तर एका गुणाला 1.8 मिनिटं मिळतात. 30 गुणांच्या छोट्या परीक्षेला 54 मिनिटं झाली. त्यात 12 गुणांचा एक प्रॉब्लेम, 12 गुणांचा एक मोठा प्रश्न आणि सहा गुणांची एक शॉर्ट नोट घ्यावी. प्रश्न जुन्या प्रश्नपत्रिकांतून निवडावेत. एक प्रश्न या आठवड्याच्या विषयाचा, बाकीचे दोन मागच्या आठवड्यांतल्या विषयांचे असावेत. सगळे ताज्या विषयाचे ठेवले तर गुण छान पडतात, पण जुनं किती निसटलं ते कळत नाही. शनिवारी सकाळी घड्याळ लावून, पेनाने, बेअर अ‍ॅक्ट मिटून लिहावं. तपासणी रविवारी करावी. लिहिल्या लिहिल्या तपासायला बसलं की मनात असलेलं पण कागदावर न उतरलेलं वाक्यही आपण वाचून टाकतो.

एक प्रॉब्लेम पाहू. सोलापूरचा व्यापारी पुण्याच्या दुकानदाराला पत्राने चादरी विकण्याचा प्रस्ताव देतो. सोमवारी तो प्रस्ताव मागे घेत असल्याचं दुसरं पत्र टपालात टाकतो. मंगळवारी, हे दुसरं पत्र हाती पडण्याआधी, दुकानदार होकाराचं पत्र टाकतो. बुधवारी व्यापाऱ्याचं दुसरं पत्र पुण्यात पोचतं. करार झाला का? समजा, एका विद्यार्थिनीने लिहिलं, ‘माघारीचं पत्र आधी टाकलं, म्हणून करार नाही.’ उत्तर चुकलं. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 4 प्रमाणे, होकाराचं पत्र स्वीकारणाऱ्याच्या हातून सुटून टपालात पडलं की प्रस्ताव देणारा बांधला जातो. माघार मात्र दुकानदाराविरुद्ध पूर्ण होते ती त्याला कळल्यावर, म्हणजे बुधवारी. कलम 5 प्रमाणे प्रस्ताव त्याआधीच मागे घ्यायला हवा होता. मंगळवारीच करार झाला.

आता चूकवहीत काय लिहायचं? ‘कलम 4 पुन्हा वाचणे’ ही नोंद कामाची नाही. या मुलीला कलम पाठ होतं. चुकलं ते पुढचं, संदेश नेमका कोणाविरुद्ध पूर्ण झाला हे तिने विचारलंच नाही. म्हणून नोंदीत तिचं चुकलेलं वाक्य जसंच्या तसं, त्याखाली बरोबर वाक्य आणि मग कारण असावं. ठाऊक नव्हतं, ऐनवेळी आठवलं नाही, प्रश्न चुकीचा वाचला, नियम चुकीचा लावला की वेळ संपला, यांपैकी एकच कारण ठरवावं. त्यावरच उपाय ठरतो. ठाऊक नसेल तर वाचन हवं, आठवलं नसेल तर दोन दिवसांनी कोऱ्या कागदावर कलम लिहून काढणं हवं, आणि नियम चुकीचा लावला असेल तर वाचनाचा काही उपयोग नाही, त्याच नियमावरचा उलटा प्रॉब्लेम हवा. इथे तो असा होईल: दुकानदाराने होकार पाठवला, पण तो सोलापुरात पोचण्याआधी फोन करून मागे घेतला, तर? स्वीकारणाऱ्याविरुद्ध होकार पूर्ण होतो तो समोरच्याला कळल्यावर, म्हणून हा होकार मागे घेता येतो. नोंदीशेजारी पुन्हा सोडवण्याची तारीख टाकावी आणि त्या आठवड्याच्या परीक्षेत तो प्रॉब्लेम घालावा.

पुढच्या आठवड्याचे वाचनाचे तास या नोंदी पाहून वाटावेत. तीच चूक तिसऱ्यांदा आली तर कारण चुकीचं ठरवलंय असं समजावं. वेळ संपल्याच्या नोंदी वाढल्या तर बहुधा पहिल्या प्रश्नावर फार वेळ जातो. तेव्हा प्रत्येक उत्तर सुरू केल्याची आणि संपल्याची वेळ समासात लिहावी.

फौजदारी प्रक्रियेच्या पेपरला वहीत एक वेगळं पान लागतं. 1 जुलै 2024 पासून नवी संहिता लागू झाली आणि जुने आकडे डोक्यातून जात नाहीत. जुन्या कायद्यात 482 म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 482 म्हणजे अटकपूर्व जामीन, आणि अंगभूत अधिकार गेले 528 मध्ये. अशा जोड्या समोरासमोर लिहून ठेवाव्यात.

आपलं आपण तपासण्याला एक मर्यादा आहेच. जी चूक चूक वाटतच नाही, ती वहीत येत नाही. म्हणून दर आठवड्याला निदान प्रॉब्लेमचं उत्तर वर्गातल्या कोणाला तरी तपासायला द्यावं आणि त्याचं आपण तपासावं. दोघांचं उत्तर वेगळं आलं की बेअर अ‍ॅक्ट उघडून कलमाचे शब्द मोठ्याने वाचावेत.