दोन गेटांचा जीआरयू

मजकूर क्रमाने वाचताना मागचे लक्षात ठेवणाऱ्या एलएसटीएमला तीन गेट आणि स्मृतीचा वेगळा कप्पा असतो. २०१४ मध्ये क्युंगह्युन चो आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या जीआरयूने तो कप्पा काढला आणि दोनच गेट ठेवले. त्यामुळे वजनांचे चार संच तीनवर आले. १०० आकड्यांचे इनपुट आणि १२८ एककांचा थर घेतला, तर एलएसटीएमला १,१७,२४८ वजने शिकावी लागतात, जीआरयूला ८७,९३६. प्रत्येक फेरी साहजिकच स्वस्त पडते. विदा मोजका आणि वाक्ये आखूड असतील, तर अचूकता बहुधा तेवढीच राहते. मोजणीत मात्र जीआरयू अडतो: त्याची स्मृती ठरावीक मर्यादेतच फिरते, एलएसटीएमचा कप्पा वाढत जाऊ शकतो. लांबलचक कंस जुळवताना हा फरक उघडा पडतो.