फंडिंगची कमाई आणि निखळलेली ढाल

समजा, एखाद्याने १० लाख रुपयांचं एक क्रिप्टो नाणं हजर बाजारात घेतलं आणि तेवढ्याच रकमेचा पर्पेच्युअल, म्हणजे मुदत नसलेला वायदा, विकला. भाव चढो वा पडो, एकीकडचा तोटा दुसरीकडे भरून निघतो. कमाई फंडिंगची: वायदा हजर भावाच्या वर असला की खरेदीदार विक्रेत्याला ठरावीक वेळाने पैसे देतात. दर आठ तासांना ०.०१ टक्का धरला, तर दिवसाला ३०० रुपये, वर्षाला सुमारे १ लाख ९ हजार.

दर उणे झाला तर पैसे उलट द्यावे लागतात, पण ते निदान दिसतं.

१० ऑक्टोबर २०२५ रोजी ट्रम्प यांनी चीनवर १०० टक्के जादा आयातशुल्क जाहीर केलं आणि दिवसभरात १९ अब्ज डॉलरहून अधिकचे सौदे सक्तीने बंद झाले. बुडालेल्यांचं मार्जिन पुरेना, तेव्हा काही एक्स्चेंजनी नफ्यातले विक्रीचे सौदेही परस्पर मिटवले. हे ऑटो-डीलेव्हरेजिंग नियमात आधीपासून लिहिलेलं असतं, वाचतो कोण? वायदा ३० टक्के घसरणीवर मिटला आणि नाणं ५० टक्क्यांपर्यंत पडलं, तर २ लाखांचा फटका, म्हणजे जवळपास दोन वर्षांचं फंडिंग. या रांगेत साधारणपणे जास्त नफा आणि जास्त लिव्हरेजवाले पुढे असतात. अनेक एक्स्चेंज आपला क्रमांक पडद्यावर दाखवतात. लिव्हरेज कमी ठेवलं की रांगेत मागे सरकता येतं, पण मार्जिन जास्त अडकतं आणि परतावा तेवढा घटतो.