अठ्ठावीस एप्रिलला भरलेले पैसे उशिरा कसे ठरले?

आमच्या सोसायटीचा मी खजिनदार. हे पद कुणी मागून घेत नाही. सर्वसाधारण सभेला गैरहजर राहिलं की ते गळ्यात पडतं. २०२४च्या जुलैत मी एप्रिल ते जून या तिमाहीचा हिशेब काढला आणि मेंटेनन्स उशिरा भरणाऱ्यांना व्याजाच्या नोटिसा दिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी चौथ्या मजल्यावरचे काका पावती घेऊन दारात उभे. "मुदत दहा मेची होती ना? मी अठ्ठावीस एप्रिललाच भरलेत. आता आधी भरण्याचाही दंड लावता की काय?"

काकांचं बरोबर होतं. त्याहून वाईट म्हणजे ज्यांनी खरोखरच पाच जूनला पैसे भरले होते, त्यांचं नाव माझ्या यादीत नव्हतंच. ते अर्थातच तक्रार घेऊन आले नाहीत.

बँकेच्या संकेतस्थळावरून तीन महिन्यांचं स्टेटमेंट उतरवून घ्यायचं, ते एक्सेलमध्ये उघडायचं आणि तारखेच्या शेजारी एक फॉर्म्युला लिहायचा, एवढंच मी केलं होतं:

```
=IF(A2>DATE(2024,5,10),"उशिरा","वेळेत")
```

फॉर्म्युल्यात चूक नाही. चूक A2 मध्ये होती, आणि ती डोळ्यांना दिसत नव्हती.

एक्सेल तारीख ठेवतं ती आकड्याच्या रूपात. १ जानेवारी १९०० हा दिवस १, आणि तिथून पुढे रोज एक वाढवत जायचं. या हिशेबाने २८ एप्रिल २०२४ म्हणजे 45410 आणि १० मे २०२४ म्हणजे 45422. पडद्यावर दिसणारे दिवस, महिना, वर्ष हा त्या आकड्याला चढवलेला पोशाख. (या मोजणीत २९ फेब्रुवारी १९०० हा कधी उगवलाच नाही असा दिवसही धरलेला आहे. लोटस १-२-३ या जुन्या प्रोग्रॅमशी जुळावं म्हणून ती चूक एक्सेलने मुद्दाम घेतली आणि आजवर सांभाळली आहे.)

पण सेलमध्ये 28/04/2024 ही नुसती अक्षरं असतील, तर एक्सेलच्या लेखी तो मजकूर. जसं एखाद्याचं नाव, तसंच ते. आणि मजकूर व आकडा यांत मोठं कोण, असं विचारलं की एक्सेल दरवेळी मजकूर मोठा ठरवतं. म्हणून काकांचा "28/04/2024" हा मजकूर 45422 पेक्षा मोठा, म्हणून काका उशिरा. त्यांनी जानेवारीत पैसे भरले असते आणि ती तारीख मजकूर म्हणून पडली असती, तरी ते उशिराच ठरले असते.

आता सेलमध्ये आकडा आहे की अक्षरं, हे ओळखायचं कसं? नजर असेल तर एक खूण आहे. वेगळं काही सांगितलेलं नसेल तर आकडे सेलच्या उजव्या कडेला चिकटतात आणि मजकूर डाव्या. पण शीट सजवण्याच्या हौसेत कुणी सगळा रकाना मधोमध घेतला, की ही खूण गेली. खात्रीचा उपाय ISNUMBER. =ISNUMBER(A2) लिहिलं की आत आकडा असल्यास TRUE, नाहीतर FALSE.

FALSE आलं तर पुढचा प्रश्न असा, की हा मजकूर तारखेत बदलता येईल का? ते काम DATEVALUE चं. तारखेसारखा मजकूर दिला की ते तिचा आकडा देतं, आणि मजकुरातून तारीख निघत नसेल तर #VALUE! अशी चूक दाखवतं. ही चूक एका सेलमध्ये आली की तिच्यावर अवलंबून असलेल्या बेरजाही नासतात. इथे ISNUMBER चा दुसरा गुण उपयोगी पडतो. त्याच्या हाती चूक दिली तरी ते अडखळत नाही. "हा आकडा नाही" एवढं म्हणून शांतपणे FALSE देतं. म्हणून ISNUMBER(DATEVALUE(A2)) ही जोडी म्हणजे बदल करण्याआधीची चाचणी झाली.

मात्र थेट ही जोडी लावली तर एक गंमत होते. एक्सेलमध्ये DATEVALUE ला मजकूरच लागतो. आधीच खरी तारीख असलेला सेल दिला तर ते #VALUE! म्हणतं, म्हणजे चांगल्या तारखाच नापास होतात. म्हणून क्रम असा ठेवायचा: आधी सेल स्वतः आकडा आहे का ते पाहा, असेल तर हात लावू नका, नसेल तरच DATEVALUE कडे न्या, तिथेही जमलं नाही तर माणसाला हाक मारा.

```
=IF(ISNUMBER(A2),A2,
 IF(ISNUMBER(DATEVALUE(A2)),DATEVALUE(A2),"तपासा"))
```

हे B2 मध्ये लिहून खाली ओढायचं आणि B रकान्याला तारखेचं स्वरूप द्यायचं, नाहीतर तिथे 45410 असे आकडे दिसतील आणि आपणच घाबरू. बरेच जण याऐवजी IFERROR वापरून, जमलं नाही तर मूळ मजकूर तसाच राहू द्या, असं लिहितात. मला ते पटत नाही. नापास झालेली तारीख पुन्हा तारखेसारखीच दिसत राहते आणि आपण होतो तिथेच येतो. "तपासा" हा शब्द रकान्यात खुपला पाहिजे.

हा फॉर्म्युला मी स्टेटमेंटवर लावला आणि चक्रावलो. काकांच्या 28/04/2024 पुढे "तपासा". तेरा तारखेपासून एकतीसपर्यंतच्या एकूणएक नोंदींपुढे "तपासा". एक ते बारा तारखांच्या नोंदी मात्र बिनतक्रार पास.

माझा लॅपटॉप नवा होता आणि त्याची प्रादेशिक मांडणी अमेरिकेची राहून गेली होती. तिथे आधी महिना, मग दिवस. बँकेची फाइल आपल्याकडच्या रीतीने आधी दिवस, मग महिना. 28/04/2024 वाचताना एक्सेलला अठ्ठाविसावा महिना सापडेना, म्हणून त्याने ती मजकूर म्हणून सोडून दिली. DATEVALUE ही त्याच मांडणीवर चालतं, म्हणून तेही नापास. पण 05/06/2024, म्हणजे आपली पाच जून, त्याने खुशाल सहा मे म्हणून वाचली. सहा मे दहाच्या आधी येते, म्हणून ते गृहस्थ वेळेत. ISNUMBER ने त्यांना TRUE दिलं आणि त्यात खोटं काहीच नाही. सेलमध्ये आकडा होताच, फक्त दुसऱ्याच दिवसाचा.

म्हणजे ही चाचणी "या यंत्राला ही तारीख वाचता येते का?" एवढंच सांगते. वाचली ती बरोबर का, हे तिला विचारून उपयोग नाही. ते ओळखण्याची खूण वेगळी. माझ्या पास झालेल्या तारखांपुढे मी DAY लावून पाहिलं, तर सगळीकडे 4, 5 किंवा 6. एवढ्या घरांनी महिन्याच्या फक्त चार, पाच आणि सहा तारखेलाच पैसे भरले? आणि महिने मात्र जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत सगळे. जुलैत बसून मी डिसेंबरात जमा झालेले पैसे मोजत होतो.

अशा वेळी उलटे झालेले आकडे फॉर्म्युल्याने सुलटे करत बसू नये. विंडोजमधली मांडणी English (India) करावी, एक्सेल बंद करावं आणि बँकेची मूळ फाइल नव्याने उघडावी. मूळ फाइल म्हणजे उतरवून घेतलेली, मधे एकदाही एक्सेलमधून सेव्ह न केलेली. एकदा सेव्ह झाली की चुकलेल्या तारखाच फाइलमध्ये लिहिल्या जातात.

मांडणी बदलल्यावर बँकेच्या सगळ्या नोंदी पास झाल्या. उरल्या त्या रोख आणि चेकच्या, आमच्या वॉचमनने आणि मी वेळोवेळी हाताने चढवलेल्या. तिथे मात्र "तपासा"ने आपलं काम चोख केलं. एका सेलमध्ये 15 एप्रिल लिहिलेलं होतं. देवनागरी महिना त्याला कळला नाही. एकात 13.4.24 असे ठिपके होते, ते SUBSTITUTE(A2,".","/") ने तिरक्या रेघेत बदलले की काम होतं. एक तारीख अगदी नीट दिसत होती, तरी नापास. ती कुठल्याशा वेब पानावरून चिकटवलेली होती आणि तिच्या शेपटीला न तुटणारी मोकळी जागा आली होती. अशी जागा TRIM ने जात नाही. ती घालवायला हे लागतं:

```
=SUBSTITUTE(A2,CHAR(160),"")
```

आणि एका नोंदीत चक्क 31/04/2024. एप्रिलला एकतिसावा दिवस नाही, म्हणून DATEVALUE ने ती नाकारली. DATE हे फंक्शन इतकं कडक नाही. DATE(2024,4,31) लिहिलं तर ते मुकाट्याने एक मे देतं. म्हणून मजकुराचे तुकडे करून DATE मध्ये घालण्याची जी युक्ती सर्रास वापरली जाते, तिच्यातून अशा नोंदी सहज निसटतात.

उलट, जे पास व्हायला नको तेही पास होतं. फ्लॅटचा नंबर 5/12 चुकून तारखेच्या रकान्यात पडला, तर एक्सेल त्याला चालू वर्षातला पाच डिसेंबर मानतं. याच सवयीपायी जनुकांची नावं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने शेवटी MARCH1 आणि SEPT1 ही नावंच बदलून MARCHF1 आणि SEPTIN1 केली. तसंच रक्कम तारखेच्या रकान्यात गेली तर ISNUMBER तिलाही TRUE म्हणणार. 2500 रुपयांची ४ नोव्हेंबर १९०६ होते. म्हणून B रकान्याशेजारी मी आता आणखी एक ओळ ठेवतो, जी तारीख आपल्या तिमाहीत बसते का ते पाहते:

```
=AND(ISNUMBER(B2),B2>=DATE(2024,4,1),B2<=DATE(2024,6,30))
```

तिथे FALSE आलं की पावतीबुक काढायचं. अर्थात पाच जूनची सहा मे झालेली नोंद या ओळीतूनही सुटते, कारण दोन्ही दिवस त्याच तिमाहीतले. तिच्यासाठी मांडणी आधी तपासणं, याला पर्याय नाही.

सोसायटीचा जुना इतिहास किंवा घराण्याची वंशावळ शीटवर घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. १९००च्या आधीच्या तारखा एक्सेलला तारीख म्हणून कळतच नाहीत. लोकमान्य टिळकांची जन्मतारीख 23/07/1856 दिलीत तर DATEVALUE तीही नापास करेल. ती मजकूर म्हणूनच राहू द्या. आणि हाताने भरताना वर्ष चार आकडी लिहा. आजोबांच्या जन्मवर्षाच्या जागी नुसतं 28 लिहिलंत, तर एक्सेल त्यांना २०२८ साली जन्माला घालतं.

काकांची नोटीस मी मागे घेतली आणि पाच जूनवाल्यांना नवी दिली. आता ते पावती घेऊन आले होते, पण पावतीवर पाच जूनच होती.