पडदा तोच, मांडणी मात्र लहान फोनची

सप्टेंबर २०१४ मध्ये आयफोन ६ आणि ६ प्लस बाजारात आले, तेव्हा त्यांच्या सेटिंग्जमध्ये ‘Display Zoom’ नावाची नवी सोय होती. तिच्यात दोनच पर्याय होते, ‘Standard’ आणि ‘Zoomed’. दुसरा निवडला की फोन क्षणभर काळा होऊन परत येई आणि अक्षरं, चिन्हं, बटणं, कीबोर्ड असं सगळंच मोठं झालेलं दिसे. पडद्यावर भिंग धरल्यासारखं वाटतं खरं, पण आत घडतं ते वेगळंच.

फोनवरची मांडणी पिक्सेलमध्ये मोजत नाहीत. आयफोनमध्ये ती ‘पॉइंट’ या एककात मोजतात. आयफोन ६ च्या पडद्याची रुंदी ७५० पिक्सेल आणि उंची १३३४ पिक्सेल. स्टँडर्ड स्थितीत एका पॉइंटला दोन पिक्सेल मिळतात, म्हणून ॲपला पडदा ३७५ बाय ६६७ पॉइंटचा दिसतो. झूम केल्यावर फोन ॲपला सांगतो की पडदा ३२० बाय ५६८ पॉइंटचाच आहे. हे माप आधीच्या, लहान आयफोन ५ चं! ॲप त्या मापाची मांडणी करतं, चित्र ६४० बाय ११३६ पिक्सेलचं तयार होतं आणि फोन ते ताणून पूर्ण पडद्यावर बसवतो. ही वाढ सुमारे १७ टक्क्यांची. झूममध्ये काढलेला स्क्रीनशॉट तपासला, तर त्याचं मापही ६४० बाय ११३६ भरतं. ताणल्यामुळे अक्षरांच्या कडा किंचित मऊ होतात, पण ते सहसा लक्षात येत नाही.

लक्षात येते ती जागेची टंचाई. संपर्कांच्या यादीतली एक ओळ ४४ पॉइंट उंच धरा. वरच्या पट्ट्यांचे ६४ पॉइंट वजा केले, तर स्टँडर्डमध्ये ६०३ पॉइंट उरतात आणि साडेतेरा ओळी मावतात. झूममध्ये ५०४ पॉइंट उरतात, म्हणजे साडेअकराच्या आत. आता शोधण्यासाठी २१६ पॉइंटचा कीबोर्ड उघडा. स्टँडर्डमध्ये जवळपास नऊ ओळी दिसत राहतात, झूममध्ये साडेसहा. लिहिताना आधीचं किती दिसतं, हा प्रश्न म्हणूनच झूममध्ये जास्त जाणवतो.

६ प्लसमध्ये याहून मोठा बदल होतो. स्टँडर्डमध्ये हा फोन आडवा धरला की मेलसारख्या ॲपमध्ये डावीकडे यादी आणि उजवीकडे मजकूर असे दोन भाग पडतात. झूम केला की फोन स्वतःला आयफोन ६ च्या मापाचा समजतो आणि दोन भागांची ही सोय नाहीशी होते.

सगळंच मोठं होतं असंही नाही. पडदाभर पसरलेला फोटो आधीही पडद्याएवढाच होता, त्यामुळे झूममध्येही तो तेवढाच राहतो.

अँड्रॉइडमध्ये ही सोय आवृत्ती ७.० पासून, म्हणजे २०१६ पासून, ‘Display size’ या नावाने आहे. तिथे चित्र ताणत नाहीत, पडद्याची मानलेली घनता बदलतात. १०८० पिक्सेल रुंदीचा पडदा ४२० घनतेला ४११ एकक रुंद ठरतो, ४८० घनतेला ३६०. अक्षरं नव्याने रेखाटली जातात, म्हणून कडा धारदार राहतात. जागा मात्र इथेही तशीच आटते.

खरी अडचण होते ती ठरावीक रुंदी गृहीत धरून बनवलेल्या ॲपमध्ये. बटणावरचा शब्द तीन टिंबांत संपतो, किंवा ‘पुढे जा’चं बटण पडद्याखाली जातं आणि पान वर सरकतच नाही. असं दिसलं तर दोष डोळ्यांचा नाही, मांडणीचा आहे. वेबपानांसाठी २०१८ च्या सुलभता निकषांनी याचीच मर्यादा आखली आहे: ३२० एकक रुंदीतही उभं सरकणारं पान आडवं न सरकवता वाचता आलं पाहिजे.

नुसता मजकुराचा आकार वाढवणं ही वेगळी सोय आहे. तिच्यात अक्षरं वाढतात, चौकटी वाढतीलच असं नाही. देवनागरीत वरची वेलांटी आणि खालचा उकार दोन्हीकडे जागा मागतात, म्हणून ठरावीक उंचीच्या ओळीत ते कापले जातात. डिस्प्ले झूममध्ये ओळही त्याच प्रमाणात वाढत असल्याने हे होत नाही. म्हणून घरातल्या ज्येष्ठांना फक्त मेसेज वाचायला त्रास होत असेल, तर आधी मजकूर वाढवून पाहा. बोट चुकीच्या बटणावर पडत असेल, तर झूम लावा, आणि बँकेचं व औषधांचं ॲप एकदा त्यांच्यासमोर शेवटच्या बटणापर्यंत चालवून बघा.