तीस मिलिमीटरचा शाफ्ट तीसचा का नसतो

छोट्या गिअरबॉक्सचा शाफ्ट संगणकावर काढायला बसलेला नवखा डिझायनर आधी एक दंडगोल काढतो आणि मग त्याला पायऱ्या जोडत जातो. चित्र देखणं होतं. पण त्यातली बहुतेक मापं त्याने ठरवायची नसतातच. ती बेअरिंग, सर्क्लिप आणि चावी यांच्या तक्त्यांमध्ये आधीच ठरलेली असतात. म्हणून शाफ्टचं मॉडेल तक्त्यापासून सुरू करावं.

आपल्या शाफ्टवर ६२०६ क्रमांकाचं बॉल बेअरिंग बसवायचं आहे असं धरू. त्याचं भोक ३० मिलिमीटर आणि रुंदी १६. शाफ्ट फिरतो, भार मात्र एकाच दिशेने येत राहतो. अशा वेळी बेअरिंगची आतली रिंग शाफ्टवर घट्ट हवी, नाहीतर ती बसल्या जागी हळूहळू सरकते. उघडून पाहिलं तर बैठक झिजून चकाकलेली असते आणि कडेला तांबूस भुकटी सापडते. त्यासाठी बैठकीला `k6` हा फिट देतात. म्हणजे व्यास ३०.००२ ते ३०.०१५ च्या दरम्यान. साध्या दर्जाच्या बेअरिंगचं भोक २९.९९० ते ३०.०००. म्हणजे कुठलीही जोडी घेतली तरी शाफ्ट २ ते २५ मायक्रॉन मोठाच राहतो.

गोची इथेच आहे. मॉडेलमध्ये आपण साधारणपणे ३० हाच आकडा टाकतो, `k6` ड्रॉइंगवर लिहितो. पण सीएनसी लेथचा प्रोग्रॅम थेट मॉडेलवरून घेतला तर मशीन इमानदारीने ३०.००० चा शाफ्ट करून देतं आणि तो मर्यादेबाहेर जातो. मॉडेल ३० चंच ठेवावं, पण प्रोग्रॅम करणाऱ्याने मधलं माप, म्हणजे ३०.००८ च्या आसपास, धरलं आहे याची खात्री करून घ्यावी.

मॉडेल करताना शाफ्टचा अर्धा छेद एकाच स्केचमध्ये काढून अक्षाभोवती फिरवणं मला सर्वांत सोपं वाटतं. बेअरिंग ज्याला टेकतं तो खांदा ३६ व्यासाचा घेऊ. त्याहून फार उंच खांदा केला तर पुढे बेअरिंग काढताना पुलरला पकडायला जागाच उरत नाही. खांद्याच्या कोपऱ्यातली गोलाई मात्र बारकाईने पाहावी. बेअरिंगच्या कडेची गोलाई किमान १ मिलिमीटर असते, शाफ्टची त्याहून कमी हवी, ०.६ चालेल. दीडची दिली तर बेअरिंग गोलाईवरच अडतं आणि खांद्याला टेकत नाही. पातळ फीलर गेज मध्ये सरकला, की हेच झालंय असं समजावं.

आता सर्क्लिप. ३० च्या शाफ्टसाठी ती दीड मिलिमीटर जाड असते, तिच्या खाचेचा तळव्यास २८.६ आणि रुंदी किमान १.६. खाचेचं स्थान मोजायचं ते खांद्यापासून खाचेच्या दूरच्या भिंतीपर्यंत, कारण जोर त्याच भिंतीवर येतो. १६ अधिक दीड म्हणजे १७.५, त्यावर फक्त अधिक ०.१ ची सूट द्यावी. उणे बाजूला सूट दिली तर एखादी सर्क्लिप खाचेत बसणारच नाही. जवळची भिंत त्यामुळे बेअरिंगच्या कडेखाली किंचित शिरते, पण तिथे बेअरिंगची गोलाईच असल्याने बिघडत नाही. खाचेपुढे किमान २.१ मिलिमीटर धातू उरायला हवा. म्हणून ही बैठक २० मिलिमीटर लांब ठेवू.

पुढचं टोक २५ व्यासाचं, म्हणजे बेअरिंग त्यावरून अडथळ्याशिवाय सरकेल. या व्यासाला तक्त्यानुसार ८ रुंद, ७ उंच चावी लागते आणि शाफ्टमधला गाळा ४ खोल. त्याचं स्केच पृष्ठभागाला स्पर्श करणाऱ्या प्रतलावर काढावं. फ्रीकॅडसारख्या प्रणालीत त्या प्रतलाचं अंतर आकड्याऐवजी सूत्राने द्यावं:

```
Spreadsheet.d_end / 2
```

उद्या टोक २८ चं केलं तरी गाळा ४ खोलच राहील. ड्रॉइंगवर मात्र ४ न लिहिता समोरच्या बाजूपासून गाळ्याच्या तळापर्यंतचं २१ हे माप द्यावं. गाळा पाडल्यावर वरचा पृष्ठभागच उरत नाही, कारागीर मोजणार कुठून?

हा सगळा हिशेब टोकाला कप्लिंग असेल तर चालतो. तिथे पट्ट्याची पुली लावायची असेल तर शाफ्टला वाकवणारा जोर बेअरिंगपाशीच सर्वाधिक असतो आणि खाचेच्या तीक्ष्ण कोपऱ्यातून तडा सुरू होऊ शकतो. अशा शाफ्टवर ती खाच पाडूच नये. बेअरिंग आणि पुली यांच्यामध्ये स्लीव्ह घालावी आणि टोकाच्या बोल्टने सगळं एकत्र आवळावं.