वीस पॉइंट नऊ

निरोप समारंभात काय बोलायचं असतं हे आपल्याकडे ठरलेलं आहे. मॅनेजमेंटचे आभार, सहकाऱ्यांचे आभार, रात्रीबेरात्री वाजणारे फोन सोसल्याबद्दल घरच्यांचे आभार, आणि मग बटाटेवडा. मी त्या रसायन कारखान्यात काही वर्षं काढली आहेत, म्हणून काकांच्या निवृत्तीचं आवतण मलाही होतं. काका म्हणजे तिथले सेफ्टी सुपरवायझर. गेटवरच्या वॉचमनपासून प्लांट मॅनेजरपर्यंत त्यांना सगळे काकाच म्हणत. त्यांनी शाल-श्रीफळ खुर्चीवर ठेवलं, खिशातून जाड चिकटपट्टीचं रीळ काढलं आणि टेबलावर उभं केलं.

"याच्यापायी दोन माणसं गेली," ते म्हणाले. "आता नीट ऐका, वडे नंतर."

गोष्ट अमेरिकेतली होती. डेलावेअर सिटीची व्हॅलेरो कंपनीची तेल रिफायनरी, 5 नोव्हेंबर 2005 ची रात्र. एका रिॲक्टरचं दुरुस्तीचं काम संपत आलं होतं आणि वरच्या मॅनहोलवर पाइपचं वळण परत बसवायचं होतं. आतल्या कॅटॅलिस्टला हवा लागू नये म्हणून रिॲक्टरमध्ये नायट्रोजन सोडलेला होता आणि तो त्या उघड्या तोंडातून बाहेर येत होता. ठेकेदाराच्या माणसांना आत, तोंडापासून साधारण पाच फूट खाली, चिकटपट्टीचं रीळ पडलेलं दिसलं. ते काढल्याशिवाय पाइप बसवता येईना. रीतसर उतरायचं तर वेगळं परमिट हवं, श्वासासाठी हवेची नळी हवी, म्हणजे वेळ जाणार. एकाने वरूनच तारेचा आकडा करून ते ओढायचा प्रयत्न केला. तो आत घसरला की स्वतः उतरला, हे कुणालाच नक्की ठाऊक नाही. दुसऱ्याने त्याला आत पडलेलं पाहिलं, शिडी घातली आणि मागोमाग उतरला. दोघेही मेले.

अमेरिकेत रासायनिक अपघातांची चौकशी करणाऱ्या केमिकल सेफ्टी बोर्डाने या घटनेचा अहवाल काढला. मॅनहोलपाशी आत शिरू नका अशी पाटी होती, पण आत नायट्रोजन आहे असं सांगणारी पाटी नव्हती. काकांचा रोख मात्र पाटीवर नव्हता. "ती माणसं अडाणी नव्हती," ते म्हणाले. "असले मॅनहोल त्यांनी शेकड्यांनी पाहिले होते. शेकड्यांनी पाहिले होते, हेच तर झालं."

इथे थोडं थांबून नायट्रोजनबद्दल सांगायला हवं, कारण बहुतेकांची समजूत उलटी असते. ज्या वायूने माणूस मरतो तो नाकाला झोंबेल, खोकला आणेल, जीव घुसमटेल, असं आपण धरून चालतो. नायट्रोजन यातलं काहीच करत नाही. आपण एरवी श्वासात जी हवा घेतो तिचा 78 टक्के भाग नायट्रोजनच असतो. शिवाय गुदमरल्याची जी जाणीव आपल्याला होते ती ऑक्सिजन कमी पडल्याने नव्हे, तर मुख्यतः अंगात कार्बन डायऑक्साइड साठल्याने होते. नायट्रोजनमध्ये श्वास चालूच असतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत राहतो, त्यामुळे शरीर ओरडतच नाही. उलट, ऑक्सिजन नसलेली हवा फुप्फुसात गेली की रक्तातला उरलासुरला ऑक्सिजनही तिकडे ओढला जातो आणि उच्छ्वासाबरोबर निघून जातो. हवेत ऑक्सिजन 4 ते 6 टक्क्यांवर आला तर माणूस 40 सेकंदांत बेशुद्ध होतो. जवळजवळ निव्वळ नायट्रोजन असेल तर एकदोन श्वास पुरतात. पायांना पळ म्हणून सांगणारी शुद्धच आधी जाते.

आमच्या आजोळी विहिरीतला गाळ काढायला उतरण्याआधी दोराने पेटता कंदील खाली सोडत. तो विझला तर त्या दिवशी कुणी उतरत नसे. ऑक्सिजन साधारण 16 टक्क्यांवर आला की साधी ज्योत तग धरत नाही. आजोबांना आकडा ठाऊक नव्हता, पण कंदील सोडल्याशिवाय त्यांनी गड्याला उतरू दिल्याचं मला आठवत नाही. सॉल्व्हंटच्या टाकीत कंदील सोडला तर टाकीच उडेल. म्हणून कारखान्यात मीटर वापरतात.

मीटर चार वायू दाखवतो आणि त्यातला पहिला आकडा ऑक्सिजनचा बघायचा. मोकळ्या हवेत तो 20.9 टक्के असतो. 19.5 च्या खाली असेल तर साध्या मास्कने आत जायचं नाही. ऑक्सिजनच आधी का, हे काकांनी मुद्दाम समजावलं. ज्वलनशील वायू मोजणारा नेहमीचा सेन्सर त्या वायूचा अंश स्वतःच्या पोटात जाळून बघतो, आणि जळायला ऑक्सिजन लागतो. नायट्रोजनने भरलेल्या व्हेसलमध्ये सॉल्व्हंटची वाफ कितीही असली तरी हा सेन्सर कमी आकडा दाखवतो, कधी चक्क शून्य. नवखा पोरगा शून्य पाहून खूश होतो. हवा आत शिरली की मग तीच वाफ पेटण्याजोगी होते. आणखी एक गोष्ट: व्हेसल खोल असेल तर नळी वर, मध्ये आणि तळाशी अशी तिन्ही ठिकाणी सोडायची आणि प्रत्येक ठिकाणी थांबायचं, कारण नळीतून हवा मीटरपर्यंत पोचायलाच वेळ लागतो.

हे सगळं समोर बसलेल्या पोरांना माहीत होतं. प्रशिक्षणात शिकवलेलं होतं, परीक्षेत विचारलेलं होतं. काकांना ते ठाऊक होतं. म्हणूनच त्यांनी पिशवीतून एक जुनं रजिस्टर काढलं, पान उघडलं आणि पहिल्या रांगेत फिरवलं.

पान गॅस टेस्टच्या नोंदींचं होतं. महिन्याभराच्या नोंदी, आणि ऑक्सिजनच्या रकान्यात प्रत्येक ठिकाणी 20.9. वर, मध्ये, तळाशी, सकाळी, जेवणानंतर, सगळीकडे 20.9. अक्षर एक, पेन एक, वेळा सगळ्या ठोक्यावरच्या: आठ, दहा, दोन. "खऱ्या मीटरचा आकडा असा वागत नाही," काका म्हणाले. "तो 20.8 होतो, परत 20.9 होतो. घामट दिवसात आणखी जरा खाली येतो, कारण हवेतली वाफ जागा खाते. महिनाभर तोच आकडा दिसला की समजायचं, मीटर टाकीत गेलेला नाही, ऑफिसात चार्जिंगला आहे."

त्या महिन्यात अपघात झाला नव्हता. पुढच्याही नाही. काकांचं सगळं म्हणणं या एका गोष्टीभोवती फिरत होतं. निष्काळजीपणा म्हटलं की आपल्याला आळशी, बेफिकीर माणूस दिसतो. त्यांच्या मते हा आळस नसतोच. तो शिकलेला धडा असतो, फक्त चुकीचा. पहिल्यांदा टेस्ट न करता उतरलात, काही झालं नाही. दुसऱ्यांदा काही झालं नाही, शिवाय वीस मिनिटं वाचली आणि शिफ्ट इन्चार्ज खूश झाला. पन्नासाव्या वेळेपर्यंत 'टेस्ट लागत नाही' हे तुमच्यासाठी अनुभवाने सिद्ध झालेलं असतं, आणि नव्याने आलेल्या पोराला तुम्ही तेच शिकवता. पन्नास वेळा आत साधी हवा होती, एवढंच त्यातून कळतं. एक्कावन्नाव्या वेळी काय आहे, हे त्या पन्नासांतून कळत नाही.

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी मी इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून ऐकली नव्हती. विशीत, दुसऱ्या एका कारखान्यात, ते एका टाकीच्या मॅनहोलवर ओणवे होऊन आत बघत होते. उतरायचं नव्हतंच, फक्त गाळ किती आहे बघायचं होतं. पुढचं त्यांना आठवतं ते जमिनीवर पडून आभाळ दिसल्याचं. हेल्परने त्यांचे पाय धरून मागे ओढलं होतं. "त्यानंतर सहा महिने मी देवाला भ्यालो नसेन एवढा मॅनहोलला भ्यायलो. आणि सातव्या महिन्यात घाई होती, तेव्हा परत डोकं घातलं." सभागृहात कुणीतरी हसलं. काका हसले नाहीत. "औषधाच्या बाटलीवर असते ना तारीख, तशी भीतीलाही असते. म्हणून तुमची भीती मला नको. मला कागद हवा, दोरी हवी आणि बाहेर माणूस हवा."

दोरीची गोष्ट कायद्यातही आहे, आणि मला ती त्या कायद्यातली सर्वांत माणुसकीची ओळ वाटते. 1948 च्या कारखाने कायद्याच्या कलम 36 मध्ये विषारी वायूच्या जागेत उतरण्यासाठी दोन वाटा दिल्या होत्या. एक, सक्षम व्यक्तीने तपासून दिलेला लेखी दाखला. नाहीतर दुसरी: उतरणाऱ्याने श्वासाचं उपकरण आणि पट्टा घालायचा, पट्ट्याला दोरी, आणि दोरीचं मोकळं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात. खुंटीला किंवा रेलिंगला नव्हे, माणसाच्या हातात. असा माणूस मोबाइल बघत बसला की दोरी असून नसल्यासारखी. आणि आतला कोसळला तर त्याने बाहेरूनच ओढायचं आणि आरडाओरड करायची. आत उडी घेतली की काय होतं, ते डेलावेअरच्या शिडीने दाखवलंच आहे. भाऊबंदकी जपणाऱ्या आपल्या पोरांना हे सर्वांत जड जातं.

भाषण संपलं, टाळ्या झाल्या, वडे आले. काका प्लेट घेऊन उभे होते तेव्हा एक तरुण ऑपरेटर दुपारच्या कामाचं परमिट घेऊन आला. शेवटच्या दिवशी काकांची सही हवी, एवढीच त्याची हौस. काकांनी आकडे वाचले. ऑक्सिजन 20.5.

"पास आहे काका. 19.5 च्या वर आहे."

"बाहेर मीटर किती दाखवत होता?"

"20.9."

"मग पॉइंट चार गेला कुठे?"

पोरगा गप्प. काकांनी वडा ठेवला आणि कागदी नॅपकिनवर हिशेब मांडला. हवेत ऑक्सिजन साधारण एक पंचमांश. म्हणजे ऑक्सिजन पॉइंट चारने उतरला तर एकूण हवा त्याच्या पाचपट, जवळजवळ दोन टक्के, हटलेली आहे. शंभर लिटरमध्ये दोन लिटर दुसरं काहीतरी. नायट्रोजन असेल तर आत्ता ठीक आहे, पण तो येतोय कुठून? आणि हायड्रोजन सल्फाइड असता तर दोन टक्के म्हणजे वीस हजार पीपीएम. हजार पीपीएमलाच माणूस जागेवर पडतो. तो नाही, हे मीटरचा दुसरा सेन्सर सांगत होता, तेवढं बरं.

"नायट्रोजनची लाइन कशी बंद केलीय?"

"व्हॉल्व्ह बंद आहे."

"ब्लाइंड?"

ब्लाइंड म्हणजे दोन फ्लँजांच्या मध्ये घालायची लोखंडी चकती. व्हॉल्व्हची सीट झिजते, कचरा अडकतो, बंद असूनही थेंबथेंब वायू सरकत राहतो. चकतीतून सरकत नाही. ती घालायला बोल्ट सोडावे लागतात, फिटर बोलवावा लागतो, अर्धा तास जातो.

"फिटर जेवायला गेलाय," पोरगा म्हणाला.

काकांनी पेन खिशाला लावलं, परमिट सही न करता परत दिलं आणि प्लेट उचलली. पोरगा क्षणभर तसाच उभा राहिला, मग खिशातून फोन काढत मेंटेनन्सच्या शेडकडे निघाला.