पाच प्राध्यापकांचे दोन तास

अमेरिकेतल्या विद्यापीठात पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्याचा प्रबंध लिहून होत आला, की त्याला समितीसमोर तो मांडायचा असतो. समितीत साधारण चार-पाच प्राध्यापक असतात. या सगळ्यांना एकाच वेळी दोन तास मोकळे गाठण्याचं काम बहुतेक ठिकाणी विद्यार्थ्यावरच येतं, आणि ते होतं ईमेलने. पाच वर्षांच्या संशोधनापुढे हे काम किरकोळ वाटतं, पण यातच तारीख हुकली तर पदवी पुढच्या सत्रात जाते. मग व्हिसाची मुदत, पुढची नोकरी, भाड्याचं घर, सगळंच हलतं. म्हणून या एका ईमेलकडे नीट बघायला हवं.

सर्वसाधारणपणे विद्यार्थी काय करतो? तीन तारखा सुचवतो आणि सगळ्यांना एकत्र विचारतो, ‘यांपैकी कोणती जमेल?’ दिसायला हे नम्र आणि सुटसुटीत आहे, पण गणित त्याच्या बाजूने नाही. समजा प्रत्येक प्राध्यापक कोणत्याही एका वेळी मोकळा असण्याची शक्यता निम्मी आहे. पाचही जण एकाच वेळी मोकळे असण्याची शक्यता मग बत्तिसात एक. तीन वेळा सुचवल्या, तर त्यांतली एक तरी सगळ्यांना जमण्याची शक्यता शंभरात जेमतेम नऊ. सव्वीस वेळा सुचवल्या, तर तीच शक्यता छप्पनवर जाते. प्रत्यक्षात प्राध्यापकांच्या मोकळ्या वेळा इतक्या स्वतंत्र नसतात, तास सगळ्यांचे साधारण त्याच घटकांत असतात. तरी मुद्दा खरा राहतो: कमी पर्याय दिले की समितीचा त्रास वाचत नाही, उलट दुसरी आणि तिसरी फेरी करावी लागते. आणि प्रत्येक फेरीला उत्तरं आधीपेक्षा उशिरा येतात.

एक उदाहरण घेऊ. समजा, नागपूरची एक विद्यार्थिनी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या विद्यापीठात दख्खनच्या बसाल्टमधल्या भूजलावर काम करते आहे. समितीत मार्गदर्शक धरून तिथलेच तीन प्राध्यापक, त्यांपैकी एक संख्याशास्त्राच्या बाई. चौथे सदस्य वर्षभराच्या संशोधन-रजेवर जर्मनीत आहेत. पाचवे बाहेरचे सदस्य, पुण्याचे भूजलतज्ज्ञ. मे 2026मध्ये पदवी हवी, तर डिफेन्स एप्रिलमध्ये व्हायला हवा.

तिने आधी उलटी मोजणी करायची. दुरुस्त केलेला प्रबंध जमा करण्याची विद्यापीठाची शेवटची तारीख कोणती? तिथून मागे दोन आठवडे दुरुस्त्यांसाठी ठेवायचे. डिफेन्सच्या आधी समितीला प्रबंध वाचायला किमान दोन आठवडे द्यायचे, बऱ्याच विद्यापीठांचा तसा नियमच असतो. डिफेन्सची सूचना कार्यालयाला किती दिवस आधी द्यावी लागते, तेही बघायचं. हे सगळं वजा केल्यावर तिच्या हातात समजा 6 ते 24 एप्रिल उरले. म्हणजे कामाचे पंधरा दिवस.

त्यातले दोन लगेच गळतात. 6 एप्रिलला ईस्टरनंतरचा सोमवार, जर्मनीत सार्वजनिक सुट्टी. 14 एप्रिलला डॉ. आंबेडकर जयंती, पुण्याच्या सरांना सुट्टी. अमेरिकन कॅलेंडरवर या दोन्ही तारखा साध्या कामाच्या दिसतात, म्हणून त्या हाताने तपासाव्या लागतात.

मग घड्याळ. सदस्य तीन देशांत असल्यामुळे अमेरिकेतली सकाळच काय ती उपयोगाची. तिथे आठ ते दहा म्हणजे जर्मनीत दुपारी दोन ते चार आणि पुण्यात संध्याकाळी साडेपाच ते साडेसात. तिथे दहा ते बारा म्हणजे पुण्यात साडेसात ते साडेनऊ. त्यापुढे सरांना ताटकळवणं बरं नाही. तेरा दिवस, रोजच्या दोन वेळा, एकूण सव्वीस.

इथे एक खड्डा आहे आणि त्यात हुशार माणसंही पडतात. ती ईमेल फेब्रुवारीच्या शेवटी लिहिते आहे. त्या दिवशी तिने घड्याळ बघितलं, तर पुणे साडेदहा तास पुढे. पण 8 मार्चला अमेरिकेतली घड्याळं एक तास पुढे सरकतात, भारतातली सरकत नाहीत. एप्रिलमध्ये हे अंतर साडेनऊ तासांचंच असतं. युरोपातली घड्याळं 29 मार्चला सरकतात, म्हणून मधल्या तीन आठवड्यांत जर्मनीचं अंतर सहाऐवजी पाच तासांचं होतं. आजच्या अंतरावरून एप्रिलची वेळ काढली, की पुण्याचे सर एक तास चुकतात. त्यामुळे डिफेन्सच्या तारखेचं अंतर काढायचं, आजचं नाही. ‘आयएसटी’सारखी लघुरूपंही टाळलेली बरी, कारण तीच अक्षरं आयर्लंड आणि इस्राएलच्या वेळेसाठीही वापरतात. सरळ गावाचं नाव लिहावं: पुणे, संध्याकाळी 5.30.

आता विचारायचं कुणाला? माझ्या मते सगळ्यांना एकदम विचारू नये. पहिली ईमेल फक्त मार्गदर्शकाला. प्रबंध डिफेन्सला तयार आहे, हे त्यांनी आधी मान्य करायला हवं. त्यांच्या होकाराशिवाय समितीला तारीख विचारली, तर दुसरे सदस्य त्यांनाच फोन करून विचारतात आणि प्रकरण अवघड होतं. शिवाय ज्यांच्या अनुपस्थितीत डिफेन्स होऊच शकत नाही, त्यांच्या अडचणी आधी कळल्या की बाकीच्यांना निरर्थक पर्याय जात नाहीत. आपल्या उदाहरणातले मार्गदर्शक सांगतात, 13 ते 17 एप्रिल परिषदेत आहे, आणि मंगळवार-गुरुवारी दहा ते बारा वर्ग असतो. परिषदेच्या आठवड्यातल्या आठ वेळा गेल्या, वर्गामुळे आणखी चार गेल्या. सव्वीसच्या चौदा झाल्या.

या चौदा वेळा आता चौघांना पाठवायच्या. डूडल किंवा तत्सम मतनोंदणीचा दुवा ईमेलमध्ये द्यायचा. ईमेल इंग्रजीत जाईल, पण आशय असा:

‘विषय: पीएच.डी. डिफेन्सची तारीख, 7 ते 24 एप्रिल, कृपया शुक्रवार 27 फेब्रुवारीपर्यंत कळवा.

माझा प्रबंध डिफेन्ससाठी तयार असल्याचं मार्गदर्शकांनी मान्य केलं आहे. आपले दोन तास हवे आहेत. खालच्या दुव्यावर चौदा वेळा आहेत, प्रत्येक वेळ आपापल्या गावाच्या घड्याळानुसार दिसेल. ज्या वेळी अडचण आहे पण निभावता येईल, तिथे “जमवता येईल” अशी खूण करावी. प्रबंधाची प्रत ठरलेल्या तारखेच्या दोन आठवडे आधी पाठवेन. ऑनलाइन सहभागाची सोय आहे. दुवा उघडत नसेल, तर जमणाऱ्या तारखा या ईमेलला उत्तर म्हणून कळवल्या तरी चालतील.’

एवढंच. संशोधनाचा सारांश, आभार, प्रकरणांची यादी यांतलं काही या ईमेलमध्ये नको. प्राध्यापक ती बहुधा दोन बैठकांच्या मधे फोनवर वाचतात. काय हवं आहे ते पहिल्या दोन ओळींत दिसलं नाही, तर ‘नंतर बघू’ म्हणून ती खाली जाते आणि वर येत नाही.

मुदत चार-पाच दिवसांचीच का, दोन आठवड्यांची का नाही? कारण मोकळी वेळ नाशवंत असते. सोमवारी ज्यांनी 22 एप्रिल मोकळा सांगितला, त्यांच्याकडे गुरुवारी त्याच दिवसाचं दुसरं आमंत्रण आलेलं असतं. शेवटचं उत्तर येईपर्यंत पहिलं शिळं होतं.

पुण्याच्या सरांना दुव्यासोबत वेगळी दोन ओळींची ईमेल जावी. बाहेरचे सदस्य विद्यापीठाच्या गडबडीत नसतात, गटाला गेलेल्या ईमेलमध्ये त्यांना आपण परके वाटतो. ‘सर, संध्याकाळी साडेसातनंतरची वेळ आपल्याला गैरसोयीची असेल, तर निःसंकोच सांगा’ एवढं लिहिलं, तर ते खरं काय ते सांगतात. नाहीतर भिडेखातर सगळ्याच वेळांना हो म्हणतात आणि आयत्या वेळी अडचण निघते.

मुदतीच्या दिवशी तीन उत्तरं येतात, एक येत नाही. हे नेहमीचं आहे. अशा वेळी सगळ्यांना स्मरणपत्र पाठवू नये, ज्यांनी उत्तर दिलं त्यांना त्याचा उगाच जाच होतो. ज्यांचं राहिलं त्यांनाच लिहावं, आणि चौदा पर्याय पुन्हा न पाठवता इतरांना जमणारे दोन-तीनच विचारावेत: ‘8 एप्रिल दहा वाजता किंवा 22 एप्रिल आठ वाजता, यांपैकी काही जमेल का?’ प्रश्न छोटा झाला की उत्तर त्याच दिवशी येतं.

समजा निकाल असा लागला: 8 एप्रिलला जर्मनीतल्या सदस्यांचा साफ नकार. 22 एप्रिल, बुधवार, सकाळी आठ ते दहा, या वेळेला मार्गदर्शकांसह चौघांचा होकार आणि संख्याशास्त्राच्या बाईंची ‘जमवता येईल’ ही खूण, कारण नऊला त्यांची विभागाची बैठक. त्या तिसऱ्या खुणेचा उपयोग इथे कळतो. नुसतं हो-नाही विचारलं असतं, तर त्यांनी ‘नाही’ लिहिलं असतं आणि सगळा खेळ पुन्हा मांडावा लागला असता. आता फक्त त्यांना एकट्यांना विचारायचं, की त्या दिवशीची बैठक सोडता येईल का. त्यांनी हो म्हटलं, की तासाभरात पाचही जणांना कॅलेंडरचं आमंत्रण पाठवायचं. नुसती ‘तारीख ठरली’ अशी ईमेल पुरत नाही. आमंत्रणात वेळेचा पट्टा नोंदलेला असतो, त्यामुळे पुण्यातल्या फोनवर आपोआप साडेपाच दिसतात. त्याच आमंत्रणात खोलीचा क्रमांक, ऑनलाइन दुवा आणि प्रबंध पाठवण्याची तारीख, 8 एप्रिल, लिहून टाकायची.

आपल्याकडे हे काम वेगळ्या वाटेने जातं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022च्या नियमांनुसार प्रबंध मार्गदर्शकांशिवाय किमान दोन बाहेरचे परीक्षक तपासतात. तोंडी परीक्षेला मार्गदर्शक आणि त्या बाहेरच्यांपैकी किमान एक परीक्षक असावे लागतात, ती ऑनलाइनही घेता येते. प्रबंध सादर केल्यापासून सहा महिन्यांत निकालासह सगळं पूर्ण करायची जबाबदारी संस्थेची. परीक्षकांशी पत्रव्यवहार विद्यापीठ किंवा मार्गदर्शक करतात, विद्यार्थ्याने तारखेसाठी त्यांना परस्पर लिहिणं बहुतेक ठिकाणी गैर मानतात. त्याने करायचं ते एवढंच, की पर्यायांचा तक्ता सुट्ट्या तपासून मार्गदर्शकांच्या हाती तयार द्यायचा. परीक्षक प्रवास करून येणार असतील, तर त्यात रेल्वेच्या वेळाही धराव्यात.

तारीख पक्की झाल्यावरही एखादे सदस्य आठवडाभर आधी कळवतात, की येणं अशक्य आहे. अशा वेळी पाच कॅलेंडरं नव्याने जुळवण्याच्या आधी विद्यापीठाचा नियम उघडावा. एका सदस्याने ऑनलाइन सहभागी होणं, लेखी प्रश्न पाठवणं, किंवा त्याच्या जागी दुसरं नाव मंजूर करून घेणं, यांपैकी काय चालतं ते विद्यापीठागणिक बदलतं, आणि मंजुरीला कधी कधी कामाचे बरेच दिवस लागतात. म्हणून हा प्रश्न ग्रॅज्युएट स्कूलच्या कार्यालयाला तारीख ठरते त्याच आठवड्यात विचारून ठेवावा, उत्तर लेखी घ्यावं आणि मार्गदर्शकांना त्याची प्रत पाठवावी.